हिस्टरीतली ओळ तुम्हीच लिहिलेली असते असं नाही

*"मी महिन्यातून एकदा माझ्या मोबाइल वॉलेटमधून एक्स्चेंजच्या डिपॉझिट पत्त्यावर यूएसडीटी पाठवते आणि तिथे विकते. नेटवर्क बीएनबी स्मार्ट चेन. पत्ता लक्षात राहत नाही म्हणून दरवेळी हिस्टरीतून कॉपी करते. यावेळी आधी १० पाठवून पाहिले, ते पोहोचले. मग २,३४० पाठवले, ते आलेच नाहीत. नीट पाहिलं तर पत्त्याची सुरुवात आणि शेवट तोच, मधलं सगळं वेगळं! शिवाय मी कधीच न केलेला शून्य रकमेचा एक व्यवहार 'माझ्याकडून गेला' असं दिसतंय आणि कुणीतरी मला ०.०१ पाठवलंय. माझं वॉलेट हॅक झालंय का? पैसे परत मिळतील? आणि ते ०.०१ परत पाठवून टाकू का?" — अ. का., गिरगाव*

वॉलेट हॅक झालेलं नाही. तुमची सीड, म्हणजे वॉलेट उघडणारे गुप्त शब्द, कुणाच्या हाती लागली असती, तर चोर तुम्ही काही पाठवायची वाट बघत बसला नसता. एका रात्रीत सगळं साफ केलं असतं. पण आमच्या शब्दावर विसंबू नका. तो शून्याचा व्यवहार बीएससीस्कॅनवर, म्हणजे बीएनबी चेनचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, उघडा आणि स्वतः बघा.

पानाच्या वरच्या भागात `From` असं लिहिलेलं असेल. हा व्यवहार कुणी केला आणि त्याची फी कुणी भरली, हे ती ओळ सांगते. तिथे तुमचा पत्ता नसेल, भलताच कुणाचा तरी असेल. थोडं खाली टोकनच्या हस्तांतराच्या नोंदी असतात. त्यात मात्र तुमच्या पत्त्याकडून त्या बनावट पत्त्याकडे ० गेले असं लिहिलेलं दिसेल, आणि बहुतेक वेळा त्याच व्यवहारात तुमच्यासारख्या डझनावारी अनोळखी लोकांच्या नावाने तशाच नोंदी असतील. आता तुम्ही खरंच केलेला २,३४० यूएसडीटीचा, म्हणजे साधारण तितक्याच डॉलरचा, व्यवहार उघडा. तिथे `From` मध्ये तुमचाच पत्ता आहे. आणखी एक खूण आहे. तपशील उलगडले की `Nonce` नावाचा आकडा दिसतो. चेकबुकातल्या पानांना जसे ओळीने क्रमांक असतात, तसा तुमच्या वॉलेटमधून निघालेल्या प्रत्येक व्यवहाराचा तो क्रमांक. तुमच्या १० च्या व्यवहाराचा क्रमांक समजा ४१ असेल आणि २,३४० चा ४२, तर मधे कुणीही तुमचं पान फाडलेलं नाही. शून्याची नोंद मधे दिसते, पण ती तुमच्या चेकबुकातली नाही.

अर्थात, मधला एखादा क्रमांक तुम्हाला ओळखता येत नसेल, किंवा `From` मध्ये तुमचा पत्ता असलेला आणि तुम्ही न केलेला व्यवहार सापडला, तर मात्र प्रकरण वेगळं. मग उरलेले पैसे नव्या सीडच्या नव्या वॉलेटमध्ये लगेच हलवा आणि पुढचं नंतर वाचा.

आता हे घडतं कसं. वॉलेटची हिस्टरी म्हणजे आपण लिहिलेली खातेवही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती सोसायटीच्या जिन्याखालच्या पत्रपेटीसारखी आहे. पेटीवर नाव तुमचं, पण कागद कुणीही टाकू शकतो. तुमच्या पत्त्याचा उल्लेख असलेली कुठलीही नोंद साखळीवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत, झाली की वॉलेटचं अ‍ॅप ती उचलून तुम्हाला दाखवतं. ती नोंद कुणी घडवली, हे बहुतेक अ‍ॅप पहिल्या पडद्यावर सांगतच नाहीत.

तुमच्या पडद्यावर त्या दिवशी साधारण असं दिसलं असेल (वेळा आणि पत्ते नमुन्यादाखल आहेत):

```
11:42  पाठवले   10 USDT     0x7a3f...e2b8
11:43  पाठवले    0 USDT     0x7a3f...e2b8
11:43  मिळाले   0.01 USDT   0x7a3f...e2b8
11:44  पाठवले   10 USDТ     0x7a3f...e2b8
```

अ‍ॅप ताजी नोंद वर दाखवत असेल तर हाच क्रम उलटा दिसतो, आणि तुमचं बोट पडतं ते सगळ्यात वरच्या, म्हणजे शेवटी आलेल्या ओळीवर. चार ओळींपैकी पहिली एकटीच खरी आहे. उरलेल्या तिन्ही एकाच टोळीच्या प्रोग्रामने टाकलेल्या असू शकतात, आणि तिन्हींची युक्ती वेगळी आहे.

शून्याची ओळ सगळ्यात चतुर. दुसऱ्याने तुमच्या पत्त्यावरून टोकन हलवायचे असतील तर आधी तुम्ही त्याला तितक्या रकमेची परवानगी द्यावी लागते. त्यासाठी टोकनच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या साखळीवरच्या प्रोग्राममध्ये, `transferFrom` नावाची सोय असते. अनोळखी माणसाला तुम्ही दिलेली परवानगी शून्य. पण त्याने मागितलेच शून्य, तर? शून्य काही शून्यापेक्षा जास्त नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्ट बिनतक्रार होकार देतं. इथेरियमवरच्या टोकनांसाठीच्या ईआरसी-२० मानकातच लिहिलं आहे की शून्य रकमेचं हस्तांतर नेहमीच्या हस्तांतरासारखंच धरायचं आणि त्याची नोंदही करायची. बीएनबी चेनवरची टोकनं त्याच घडणीची. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट बिघडलेलं नाही, नियमाप्रमाणेच चाललं आहे. तुमचा एक पैसा हलला नाही, फक्त तुमच्या नावावर एक ओळ पडली. २०२२ च्या अखेरीस ही युक्ती जोरात सुरू झाली. तिच्यामुळेच २०२३ मध्ये इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅनने शून्य रकमेची टोकन हस्तांतरं आपणहून लपवायला सुरुवात केली. मोबाइल वॉलेटमध्ये मात्र एकेकाची तऱ्हा वेगळी.

०.०१ ची ओळ म्हणजे डस्ट, धुळीएवढी खरी रक्कम. इथे चोर खिशातून खरेच पैसे घालतो, कारण शून्याच्या नोंदी लपवणारी वॉलेटसुद्धा खरी रक्कम सहसा लपवत नाहीत. रक्कमही अशी निवडतात की तुमच्या १० शी तिचं काही नातं वाटावं.

शेवटची ओळ पुन्हा नीट वाचा. तिथलं `USDТ` वरच्यासारखंच दिसतं, पण त्यातला शेवटचा `Т` रशियन लिपीतला आहे. हे टोकनच नकली. चोराने स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट लिहून साखळीवर चढवलेलं असतं. त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नियम त्याचे, त्यामुळे कुणाकडूनही कुणाकडे कितीही गेले अशी नोंद तो करू शकतो, आणि तुमची बरोबर १० ची रक्कम हुबेहूब उमटवतो. नाव किंवा चिन्ह बघून हे कळत नाही, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता बघूनच कळतं. बीएनबी चेनवर सर्रास चालणाऱ्या यूएसडीटीचा पत्ता हा:

```
0x55d398326f99059fF775485246999027B3197955
```

ओळीवर टॅप करून टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता बघा. तो हा नसेल, तर ती ओळ यूएसडीटीची नाही, मग चित्र कितीही हिरवं आणि गोल असो.

राहिला प्रश्न त्या जुळ्या पत्त्याचा. असा पत्ता मागून मिळत नाही, पण शोधून काढता येतो. प्रोग्राम खासगी चाव्या बनवत सुटतो, प्रत्येकीचा पत्ता काढतो आणि हवी ती सुरुवात आणि हवा तो शेवट मिळेपर्यंत थांबत नाही. `0x` नंतर ४० अक्षरं असतात आणि प्रत्येक जागी १६ पर्याय. पहिली ४ आणि शेवटची ४ जुळवायची तर सरासरी १६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागतात. ऐकायला प्रचंड वाटतं. पण गेम खेळायचं ग्राफिक्स कार्ड हे काम सेकंदाला कोट्यवधींच्या वेगाने करतं. सेकंदाला २० कोटी धरले, तरी वीस-बावीस सेकंदांत तुमच्या पत्त्याचा जुळा तयार. तुम्ही चहाचा कप खाली ठेवेपर्यंत.

पण चोराची खरी मर्यादाही याच हिशेबात आहे. जुळवायचं प्रत्येक जादा अक्षर काम १६ पट वाढवतं. दोन्ही टोकांना सहा-सहा, अशी १२ अक्षरं हवी असतील, तर त्याच कार्डाला सरासरी १६ दिवस लागतील. दहा-वीस कार्डं लावून हेही जमतं, पण दोन-तीन हजार डॉलरच्या सावजासाठी ते परवडत नाही. म्हणून तो ताकद खर्च करतो ती नेमकी अ‍ॅप जेवढं दाखवतं तेवढ्यावर. मधल्या ठिपक्यांच्या जागी काय आहे, याची त्याला फिकीर नाही, कारण ते कुणी बघत नाही हे त्याला माहीत आहे. दोन्ही नमुना पत्ते चार-चार अक्षरांनी तोडून एकाखाली एक ठेवले की फरक लपत नाही:

```
खरा    7a3f 19cd 52e8 b604 9d71 fa2c 386e b05d 94c1 e2b8
जुळा   7a3f d48b 06e9 173c af52 90bd e617 4c8a 2f35 e2b8
```

पत्त्यातली काही अक्षरं मोठ्या आणि काही लहान लिपीत असतात, ती खातरजमेची सोय आहे असं तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे, पण ती टाइप करताना झालेली चूक पकडते. चोराचा पत्ताही रीतसर पत्ताच असतो, त्याची मोठी-लहान अक्षरंही बरोबरच असतात. तिथे काहीच वाजत नाही.

एवढा खटाटोप फायद्याचा ठरतो तो संख्येमुळे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी जुलै २०२२ ते जून २०२४ या काळातल्या इथेरियम आणि बीएनबी चेनच्या नोंदी तपासल्या. सुमारे २७ कोटी प्रयत्न सापडले, १.७ कोटी पत्त्यांना लक्ष्य केलेलं, आणि त्यातले ६,६३३ साधले. चाळीस हजारांत एखादा. पण त्या ६,६३३ मध्ये लोकांचे निदान ८.३८ कोटी डॉलर गेले. बीएनबी चेनवर फी नगण्य असते आणि एका व्यवहारात शेकडो पत्त्यांवर धूळ फेकता येते, त्यामुळे तिथे हा उकिरडा जास्त. तुम्हाला कुणी नावानिशी हेरलेलं नाही. तुम्ही यूएसडीटी पाठवलेत, प्रोग्रामने ते पाहिलं, एवढंच.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आमच्या मते ते आधी पाठवलेले १० आहेत. चाचणीची रक्कम पाठवणं ही शहाणी सवय, पण या फसवणुकीत तीच घंटा ठरते. ती वाजली की प्रोग्रामला कळतं: हा पत्ता या माणसाला जवळचा आहे, आणि मागून बहुधा मोठी रक्कम येते आहे. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचंही २०२३ मध्ये असंच झालं. जप्त केलेले टेदर, म्हणजेच यूएसडीटी, यूएस मार्शल्सच्या खात्यात वळवायचे होते, म्हणून आधी ४५.३६ डॉलर पाठवून पाहिले. ते पोहोचले. तेवढ्यात कुणीतरी पहिली पाच आणि शेवटची चार अक्षरं जुळणारा पत्ता बनवून त्यांच्या हिस्टरीत धूळ टाकली, आणि ५५ हजारांहून जास्त डॉलर त्या जुळ्याकडे गेले. ३ मे २०२४ ला तर एकाने ०.०५ ईथरची चाचणी करून त्याच दिवशी १,१५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप, तेव्हाचे सुमारे ६.८ कोटी डॉलर, जुळ्या पत्त्यावर पाठवले. तिथे पहिली चार आणि शेवटची सहा अक्षरं सारखी होती.

दोन्हीकडे चाचणी यशस्वी झाली होती. तुमचीही झाली. चूक चाचणीत नाही, चाचणीनंतर पत्ता पुन्हा कॉपी करण्यात आहे. जो पत्ता तपासला तो एक, आणि पैसे गेले ते दुसऱ्याच पत्त्यावर. म्हणून चाचणी करायचीच असेल तर ती पत्ता वॉलेटच्या अ‍ॅड्रेस बुकात जतन करून त्यातूनच करा, आणि मोठी रक्कमही त्याच जतन केलेल्या नावावरून पाठवा. मधे हिस्टरीचा पडदा उघडायचाच नाही.

जतन करायचा पत्ता आणायचा कुठून, यातही एक बारकावा आहे. एक्स्चेंजचं अ‍ॅप उघडा, डिपॉझिटमध्ये जा, यूएसडीटी निवडा, नेटवर्क बीईपी-२०, म्हणजे तुमची बीएनबी स्मार्ट चेन, निवडा आणि तिथे दिसेल तो पत्ता घ्या. मग त्याच अ‍ॅपमधल्या जुन्या जमा रकमांच्या यादीत एखादी बघा, गेल्या दिवाळीतली म्हणा. तिच्यासोबत व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याची लांबलचक ओळखखूण, असते. ती बीएससीस्कॅनवर टाकली की पैसे खरोखर कुठल्या पत्त्यावर पोहोचले ते दिसतं. ही नोंद एक्स्चेंजच्या बाजूची आहे. पैसे आले तरच ती तिथे उमटते, त्यामुळे चोर तिथे शून्याची ओळ घुसडू शकत नाही. दोन्हीकडचा पत्ता सारखा निघाला की त्याला वॉलेटमध्ये नाव द्या, 'एक्स्चेंज बीईपी' असं साधंसुधं. एक्स्चेंज कधीकधी डिपॉझिटचा पत्ता बदलतात, म्हणून दर महिन्याला पाठवण्याआधी अ‍ॅपमधला पत्ता आणि जतन केलेला पत्ता एकदा ताडून बघावा.

ताडायचा तो कसा, तेही सांगतो, कारण 'पूर्ण पत्ता तपासा' असं म्हणणं सोपं असतं. चाळीस अक्षरं डोळ्यांनी वाचायला लागलं की बाविसाव्या अक्षराला लक्ष उडतं आणि मग माणूस पुन्हा दोन्ही टोकंच बघतो. त्यापेक्षा मधलाच एक तुकडा पकडा, समजा अकराव्या अक्षरापासून सहा अक्षरं, आणि ती दोन्हीकडे मोठ्याने वाचा. टोकं जुळवलेल्या पत्त्यात ही सहा अक्षरं योगायोगाने जुळण्याची शक्यता सुमारे १.६८ कोटींत एक आहे. पुढच्या वेळी तुकडा दुसरीकडून घ्या. हार्डवेअर वॉलेट वापरत असाल तर त्याच्या छोट्या पडद्यावर पूर्ण पत्ता येतो, त्याची तुलना एक्स्चेंजच्या पडद्याशी करायची. हिस्टरीशी केलीत तर चुकीचा पत्ता चुकीच्या पत्त्याशी छान जुळेल. पेस्ट केल्यानंतरही हे सहा अक्षरांचं वाचन करावं. काही मालवेअर क्लिपबोर्डमधला पत्ताच बदलून टाकतात, तेही याच जाळ्यात सापडतं.

आता पैशांचं. खोटा दिलासा देत नाही, शक्यता कमी आहे. तरी पुढची कामं आजच करण्यासारखी आहेत.

बीएससीस्कॅनवर चोराचा पत्ता उघडा आणि तुमचे २,३४० तिथून कुठे गेले ते बघा. बहुधा काही मिनिटांतच ते दुसऱ्या टोकनमध्ये बदललेले किंवा पुढच्या पत्त्यावर ढकललेले असतील. यूएसडीटी गोठवता येतो असं तुम्ही वाचलं असेल. इथेरियम आणि ट्रॉनवरचे यूएसडीटी टेदर कंपनी स्वतः काढते आणि तिच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पत्ता काळ्या यादीत टाकायची सोय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच प्रकारच्या फसवणुकीत गेलेले २ कोटी यूएसडीटी तिने गोठवले होते. पण बीएनबी चेनवरचं हे टोकन टेदरने काढलेलं नाही. ते बायनान्सने बांधून दिलेलं रूप आहे, बीएससीस्कॅनवर त्याचं नाव `Binance-Peg BSC-USD` असं दिसतं. तिथे टेदरला थेट हात घालता येत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत आशा एकाच गोष्टीवर आहे: पैसे फिरत फिरत एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात उतरतात का. ओळखीच्या एक्स्चेंजच्या पत्त्यांना बीएससीस्कॅन नावाची पट्टी लावतं. पैशांचा माग तशा पट्टीपर्यंत पोहोचत असेल तर ते नाव आणि तो व्यवहार टिपून ठेवा, कारण पोलिसांना पत्र लिहायला तिथेच जागा मिळते. भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे, खातेदाराची ओळख त्यांना ठेवावी लागते.

त्यासोबत १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर आर्थिक फसवणूक म्हणून तक्रार नोंदवा. मग तक्रार क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा मुंबई पोलिसांच्या तुमच्या विभागाच्या सायबर ठाण्यात जा. बरोबर एक कागद छापून न्या. त्यावर नेटवर्कचं नाव, २,३४० च्या व्यवहाराचा पूर्ण हॅश, तुमचा पूर्ण पत्ता, चोराचा पूर्ण पत्ता, टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता, तारीख आणि भारतीय वेळ असू द्या. स्क्रीनशॉट जोडा, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर भागणार नाही, कारण त्यात पत्त्याच्या मधे तेच ठिपके असतात. ठिपक्यांचा पत्ता तक्रारीत लिहिलात तर तो तुमच्या स्वतःच्या डिपॉझिट पत्त्यासारखाच दिसेल, आणि तपास करणारा चुकीच्या दारावर जाईल. तुमच्या एक्स्चेंजलाही ईमेल टाका. चूक त्यांची नाही आणि ते व्यवहार उलटवूही शकत नाहीत, पण चोराचा पत्ता त्यांच्या यादीत गेला तर तिकडून आलेली रक्कम त्यांच्या नजरेस पडू शकते.

२०२४ च्या त्या ६.८ कोटी डॉलरवाल्याने चोराला साखळीवरूनच संदेश लिहून १० टक्के ठेवून घे असं सांगितलं होतं, आणि त्याचे जवळपास सगळे पैसे परत आले, हे तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. ते खरं आहे. पण तिथे रक्कम इतकी मोठी होती की जगभरचे तपासणारे त्या पत्त्यावर डोळा ठेवून होते आणि चोराला ती खर्चच करता येईना. तुमच्या रकमेसाठी तसा पहारा कुणी बसवणार नाही.

तक्रारीची वाच्यता झाली की टेलिग्रामवर 'रिकव्हरी एक्स्पर्ट' येतील. आधी थोडी फी, मग 'वॉलेट सिंक' करायला सीड. पक्का झालेला व्यवहार जगात कुणीही उलटवू शकत नाही. उत्तरसुद्धा देऊ नका.

ते ०.०१ परत पाठवू नका. त्याने फायदा काहीच नाही. फी तुमची जाईल आणि त्या बनावट पत्त्याशी एक खराखुरा व्यवहार मात्र तुमच्या हिस्टरीत कायमचा बसेल. उद्या एखादं वॉलेट 'या पत्त्यावर तुम्ही आधी पाठवलं आहे' असा हिरवा दिलासाही देईल. धूळ तिथे पडून राहिली म्हणून तुमच्या उरलेल्या पैशांना धोका नाही, ती तुमच्या खऱ्या शिल्लकीत मिसळली तरी चालते. नकली टोकन मात्र विकायच्या फंदात पडू नका. अशा टोकनच्या नावात कधीकधी वेबसाइटचा पत्ता असतो, तिथे वॉलेट जोडून 'क्लेम' दाबलं की तुमच्या खऱ्या टोकनवरची परवानगी मागितली जाते. आज तुम्ही हॅक झालेला नाहीत, ते तिथे खरोखर व्हाल. वॉलेटमध्ये टोकन लपवायची सोय असते, त्यातून ते दृष्टीआड करा.

नवं वॉलेट काढायची गरज नाही. काढलंत तरी त्यातून पहिले यूएसडीटी गेले की मिनिटाभरात तिथेही तीच धूळ येऊन पडेल.